दुसऱ्याचा रेट कमी आलाय, मग जुन्या पुरवठादाराकडून कोटेशन सुधारून कसं घ्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठी ऑर्डर काढायची आहे, नेहमीच्या पुरवठादाराचं कोटेशन हातात आहे आणि दुसऱ्याकडून त्यापेक्षा कमी रेट आला आहे. खरेदीच्या टेबलावर हा प्रसंग सतत येतो. उत्तरं नुसती तात्त्विक राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: माल पॅक करायला लागणारे पाच प्लायचे पुठ्ठ्याचे बॉक्स, एकूण २०,००० नग. रेट कुठल्याही चलनात न देता नेहमीच्या पुरवठादाराचा रेट १०० धरला आहे. दुसऱ्याचा रेट ९१ आला आहे.

दुसऱ्याचा रेट ९१ आहे. लगेच फोन करून "९१ ला देता का?" विचारू का?

अजून नको. आधी ते ९१ कशाचे आहेत ते बघा. कोटेशनच्या वरच्या भागात रेट असतो, पण खरा रेट खालच्या अटींमध्ये लिहिलेला असतो आणि तो भाग बहुतेक जण घाईत वाचतात.

आपल्या उदाहरणात नेहमीच्या पुरवठादाराच्या १०० मध्ये माल गोदामात पोच, पैसे ४५ दिवसांनी आणि छपाईचा ब्लॉक धरलेला आहे. दुसऱ्याचे ९१ हे कारखान्यातून उचलण्याचे आहेत, गाडी भरण्याआधी पूर्ण पैसे द्यायचे आहेत आणि ब्लॉकचा खर्च वेगळा आहे. आता हे एका पातळीवर आणू. गाडीभाडं आणि उतरवणी धरून नगामागे ३. आपल्याला पैसा वर्षाला १२ टक्क्यांनी पडतो असं धरलं, तर ४५ दिवस आधी पैसे देण्याचा भार दीड टक्का, म्हणजे ९१ वर साधारण १.४. ब्लॉकचा खर्च २०,००० नगांवर वाटला की ०.६. बेरीज होते ९६.

म्हणजे खरा फरक ९ चा नाही, ४ चा आहे. तुम्ही ९ चा फरक सांगून फोन केलात, तर मुरलेला पुरवठादार पहिलाच प्रश्न विचारेल, "गोदाम पोच आहे का? पेमेंट काय आहे?" त्याचं उत्तर तुमच्याकडे नसलं की पुढचं बोलणं त्याच्या हातात जातं. ४ चा फरक सांगितलात आणि तो कसा काढला हेही सांगितलंत, तर त्याला उत्तर द्यावंच लागतं.

अटी सारख्या करूनही रेट कमीच आहे. आता तरी सांगू ना?

अजून एक गोष्ट राहिली: माल तोच आहे का? "पाच प्लाय बॉक्स" एवढंच लिहिलेली दोन कोटेशनं एका मालाची असतीलच असं नाही. पाच प्लायमध्ये तीन सपाट कागद असतात आणि त्यांच्यामध्ये दोन लाटेचे, म्हणजे फ्लूटचे कागद. समजा, नेहमीचा पुरवठादार पाचही थरांना १५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा कागद वापरतो आणि दुसऱ्याने फ्लूटला १२० जीएसएमचा धरला आहे. लाट काढताना कागद सुमारे १.४ पट लागतो. म्हणून पहिल्या बोर्डाचं वजन चौरस मीटरला ४५० अधिक ४२०, म्हणजे ८७० ग्रॅम भरतं. दुसऱ्याचं ४५० अधिक ३३६, म्हणजे ७८६ ग्रॅम. गोंदाचं वजन दोन्हीकडे धरलेलं नाही. कागद जवळजवळ १० टक्क्यांनी कमी झाला. बॉक्सच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा कागदाचाच असतो, तेव्हा स्वस्ताईचा बराचसा भाग इथून आलेला असू शकतो.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दोघांचे सारख्या मापाचे कोरडे नमुने वजनकाट्यावर ठेवा. बॉक्सला १.२ चौरस मीटर बोर्ड लागत असेल तर शंभर ग्रॅमचा फरक दिसेल. नुसत्या बर्स्टिंगच्या, म्हणजे बोर्ड किती दाबाला फुटतो त्या आकड्यावर मात्र विसंबू नका. त्या ताकदीत सपाट कागदांचा वाटा जास्त आणि फ्लूटचा कमी असतो, त्यामुळे फ्लूट हलका केला तरी आकडा थोडाच उतरतो. गोदामात उंच थप्पी लावली की मात्र तळचे बॉक्स दबू लागतात, कारण थप्पीचा भार सपाट कागदांबरोबर फ्लूटवरही असतो.

माल वेगळा निघाला तर दुसऱ्याला सांगा, "पाचही थर १५० जीएसएम धरून पुन्हा रेट द्या." आपल्या उदाहरणात त्याने लेखी कळवलं की ९१ चा रेट पाचही थर १५० धरूनच आहे, आणि नमुन्याचं वजनही जुळलं. म्हणून ९६ हा तुलनेचा आकडा पक्का झाला.

आणि माल खरोखरच हलका निघाला, तर ते कोटेशन रद्दी समजायचं का?

मुळीच नाही. मला तर अशी कोटेशनं फार उपयोगाची वाटतात. आपण गरजेपेक्षा भारी माल घेतोय का, हा प्रश्न ती समोर आणतात. आतला माल हलका असेल, थप्पी चार-पाच बॉक्सच्या वर जात नसेल आणि प्रवास जवळचा असेल, तर १२० चा फ्लूट पुरेसा ठरू शकतो. अशा वेळी जुन्या पुरवठादाराला रेट तोडायला सांगू नका. त्याच्याकडून दोन रेट मागा, एक आत्ताच्या कागदाचा आणि एक हलक्या फ्लूटचा. त्याला स्वतःच्या नफ्यातून काही सोडावं लागत नाही आणि तुमचा खर्च उतरतो. नमुन्याचे बॉक्स भरून, थप्पी लावून काही दिवस ठेवा आणि मगच ठरवा.

पुरवठादाराला नेमकं काय लिहायचं?

थोडक्यात, आकड्यासह आणि तारखेसह लिहा. "रेट फारच जास्त आहे, काहीतरी करा" या वाक्याला उत्तर म्हणून फार तर एक-दोन टक्के सुटतात आणि तेवढ्यावर विषय संपतो. आपल्या उदाहरणातलं पत्र असं होईल:

> विषय: आपले कोटेशन – पाच प्लाय बॉक्स, २०,००० नग – दराच्या फेरविचाराबाबत
>
> महोदय,
>
> आपले कोटेशन मिळाले. याच मापाच्या आणि याच कागदाच्या (पाचही थर १५० जीएसएम) बॉक्ससाठी आम्हाला दुसरे लेखी कोटेशन आले आहे. गाडीभाडे, ब्लॉक आणि पेमेंटच्या मुदतीतला फरक धरूनही ते आपल्या दरापेक्षा ४ टक्क्यांनी कमी पडते.
>
> आपला माल आणि वेळेवरची पोच याबाबत आमची तक्रार नाही, ऑर्डर आपल्याकडेच राहावी अशी इच्छा आहे. २०,००० नगांची एकच पर्चेस ऑर्डर देऊन माल चारऐवजी दोन खेपांत उचलण्याची आमची तयारी आहे. हे धरून आपला दर ९६ पर्यंत आणता येईल का, ते कृपया कळवावे. दर शक्य नसल्यास पेमेंट किंवा खेपांबाबत वेगळा प्रस्ताव असेल तर तोही पाठवावा.
>
> ऑर्डर शुक्रवारी काढायची असल्याने गुरुवारपर्यंत सुधारित कोटेशन मिळावे, ही विनंती.

या पत्रात दुसऱ्या पुरवठादाराचं नाव नाही, धमकी नाही आणि "शेवटचा रेट द्या" ही भाषाही नाही. चारऐवजी दोन खेपा हे वाक्य मात्र वजनदार आहे. खेपा कमी झाल्या की त्याच्या गाडीच्या फेऱ्या वाचतात, तयार माल त्याच्या जागेत पडून राहत नाही आणि बिलाचे पैसेही लवकर फिरतात. रेट कमी करायला तुम्ही त्याला कारण पुरवता. अर्थात तुमच्याकडे कोरडी जागा हवी. पुठ्ठा दमट हवेत ओल धरतो आणि त्याची ताकद उतरते, तेव्हा जागा नसेल तर हा शब्द देऊ नका.

आधी फोन की आधी मेल?

जुने संबंध असतील तर आधी फोन. "साहेब, दुसरीकडून रेट आलाय, सगळं धरून तुमच्यापेक्षा ४ टक्के खाली बसतो. मेल करतोय, तुम्ही स्वतः बघा," एवढं पुरे. अचानक असा मेल आला की माणूस दुखावतो आणि बचावाच्या पवित्र्यात जातो. फोनवर तो कागदाचे भाव, ऑर्डरचा दाब यांबद्दल मोकळेपणाने बोलतो आणि ते तुमच्या कामाचं असतं. बोलणं झालं तरी आकडा मेलवरच पक्का करा. आणि सेल्सच्या माणसाला रेट बदलायचा अधिकार नसेल, तर ज्याला आहे त्याच्यापर्यंत मेल जाईल असं बघा. नाहीतर निरोप पोचता पोचता निम्मा होतो.

पुरवठादार म्हणतो, "त्यांचं कोटेशन दाखवा." दाखवायचं का?

नाही. ते कोटेशन समोरच्याने तुमच्यासाठी दिलेलं असतं. त्याचा रेट, त्याच्या अटी त्याच्या स्पर्धकाच्या हातात देणं बरोबर नाही. कोटेशनवर गोपनीयतेची अट असेल तर तो करारभंगही ठरू शकतो. व्यवहारातही यात तुमचंच नुकसान आहे. आज तुम्ही दुसऱ्याचं कोटेशन याला दाखवलंत, तर उद्या आपलंही तिकडे दाखवलं जाईल हे याला कळतं, आणि मग पुढचं कोटेशन तो हातचं राखून देतो.

त्याच्या मागणीमागे शंका असते ती माल सारखा आहे का याची, आणि ती रास्त आहे. म्हणून कागद, माप, छपाईचे रंग, पोच आणि पेमेंट या गोष्टी तोंडी नीट सांगा. नाव आणि कागद तेवढे राखून ठेवा. तो म्हणाला, "अमुकच असणार, मला माहीत आहे," तर होही म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका.

हातात दुसरं कोटेशन नसताना "दुसरीकडे स्वस्त मिळतंय" असं सांगितलं तर?

सांगू नका. एक तर ते खोटं आहे. आणि कागदाचे भाव तो तुमच्यापेक्षा चांगले ओळखतो, कुठल्या कागदावर किती रेट बसतो हे त्याला तोंडपाठ असतं. तुम्ही हवेतला आकडा सांगितलात की तो म्हणेल, "या रेटला मिळत असेल तर जरूर घ्या, आम्हालाही त्यांचा पत्ता द्या." नंतर तुम्ही त्याच्याकडेच १०० ने ऑर्डर दिलीत, की पुढे तुमच्या खऱ्या आकड्यावरही तो विश्वास ठेवणार नाही. दुसरं कोटेशन नसेल तर खरं तेच बोला: "आमच्या बजेटमध्ये ९६ बसतात, ऑर्डर २०,००० ची आहे, काय करता येईल?" तेवढ्यावरही रेट हलतो.

त्याने ९६ ला नकार दिला, पण "४५ दिवसांना ९७, नाहीतर १५ दिवसांत पेमेंट केलंत तर ९६" असं सांगितलं. काय घ्यावं?

बहुतेक वाटाघाटी अशाच ठिकाणी येऊन थांबतात, म्हणून हे नीट मोजायला शिकायला हवं. पेमेंट ३० दिवस अलीकडे येतंय. पैसा आपल्याला वर्षाला १२ टक्क्यांनी पडतो, म्हणजे महिन्याला १ टक्का. ९६ वर १ टक्का म्हणजे जवळजवळ १. म्हणजे १५ दिवसांचे ९६ आणि ४५ दिवसांचे ९७ आपल्याला सारखेच पडतात. कागदावर १ ने कमी दिसणारा रेट आपल्या खिशाला कमी नाही.

मग निर्णय कशावर घ्यायचा? खात्यात पैसा नुसता पडून असेल तर ९६ घ्या. कर्जावर किंवा ओव्हरड्राफ्टवर काम चालत असेल आणि व्याज १२ पेक्षा जास्त असेल, तर ९७ च स्वस्त आहे. आणि पंधराव्या दिवशी पैसे सोडणं तुमच्या हिशेब विभागाला जमणार नसेल, तर ९६ चा विचारच करू नका. लवकर पेमेंटचा शब्द देऊन रेट घ्यायचा आणि पैसे दीड महिन्याने द्यायचे, हा प्रकार पुरवठादार विसरत नाही. पुढच्या कोटेशनमध्ये तो उशीर आधीच रेटमध्ये घालून ठेवतो.

पण ९६ वा ९७ घेतले, तर दुसऱ्याचेही ९६ च पडत होते. मग फायदा काय झाला?

१०० चे ९७ झाले, तेही माल, माणूस आणि पद्धत न बदलता. नवा पुरवठादार घ्यायचा तर नमुने तपासणं, पहिल्या खेपेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं आणि उशीर झालाच तर पॅकिंग अडून राहणं हे सगळं आलं. त्याची किंमत बेरजेत दिसत नाही, पण असते. म्हणून पत्र पाठवण्याआधीच आपला थांबण्याचा आकडा ठरवून ठेवावा. या ऑर्डरला मी तो ९७.५ धरला असता. त्याच्या आत आलं तर जुन्याकडे, वर राहिलं तर काही भाग नव्याकडे.

तो म्हणाला, "परवडत नाही, तिकडूनच घ्या." आता?

रागावू नका आणि लगेच माघारही घेऊ नका. खरंच परवडत नसेल, तर त्याने नाही म्हणणं हा प्रामाणिकपणा आहे. तोट्यात घेतलेली ऑर्डर तो मागे ढकलतो किंवा कागद तरी हलका करतो. "ठीक आहे, आमचं कळवतो," म्हणा आणि आपल्या थांबण्याच्या आकड्याकडे बघा. ऑर्डर मोठी असेल तर दोन भाग करता येतात. १५,००० जुन्याकडे आणि ५,००० नव्याकडे देऊन त्याचा माल वापरून बघा. मात्र १०० चा रेट २०,००० नगांचा होता. १५,००० ला तोच राहतो का, हे विचारल्याशिवाय भाग पाडू नका. ब्लॉकचा खर्चही ५,००० नगांवर वाटला की ०.६ चे २.४ होतात, म्हणजे नव्याचे ९६ नाहीत, ९७.८ पडतात. भाडंही भरलेल्या गाडीच्या हिशेबाने धरलं असेल तर तेही वाढेल.

आणि त्याने एका फोनवर ९१ कबूल केले तर?

तर जास्त सावध व्हा. पोच आणि उधारीसकट ९१, म्हणजे एकदम ९ टक्के खाली. कदाचित आधीच्या रेटमध्ये तेवढी जागा होती. कदाचित त्याला या महिन्यात मशीन रिकामं ठेवायचं नाही. पण माल बदलण्याचीही शक्यता असते. म्हणून पर्चेस ऑर्डरमध्ये प्रत्येक थराचा जीएसएम, बॉक्सचं किमान वजन आणि नगांमधला चालणारा फरक लिहून घ्या. हा शेवटचा मुद्दा बॉक्सच्या धंद्यात महत्त्वाचा आहे, कारण छपाईत नग थोडे कमी-जास्त निघतात. मर्यादा लिहिली नाही तर २०,००० ऐवजी २२,००० येतात आणि बिलही तेवढ्याचं येतं. माल आला की प्रत्येक खेपेतले चार-सहा बॉक्स, वरचे आणि मधल्या गठ्ठ्यांतलेही, काट्यावर ठेवा.

सुधारित कोटेशन तोंडी चालेल का?

नाही. नवी तारीख, सुधारणा क्रमांक आणि "आधीचे कोटेशन रद्द" हा उल्लेख असलेलं कोटेशन मागा, आणि पर्चेस ऑर्डरमध्ये त्याच क्रमांकाचा संदर्भ द्या. नाहीतर बिल १०० ने येतं आणि फोनवर काय ठरलं होतं हे शोधत बसावं लागतं. रेट किती दिवस धरला आहे तेही बघा. दोन खेपांत माल उचलणार असाल तर दुसऱ्या खेपेलाही हाच रेट, कागदाचे भाव वाढले तरी, हे लेखी हवं. एवढा काळ रेट धरणं त्याला शक्य नसेल, तर कागद किती टक्के वाढल्यावर रेट बदलेल आणि किती, ते आत्ताच ठरवा.

किती वेळा रेट सुधारायला सांगावं?

एकदा. याचा सुधारित रेट घेऊन त्याच्याकडे आणि त्याचा घेऊन पुन्हा याच्याकडे, असं फिरवायला लागलात की दोघेही पुढच्या वेळी रेट फुगवून सुरुवात करतात. दोघांना एकेक संधी द्यायची असेल तर तसं आधी सांगा आणि शेवटची तारीख एकच ठेवा.

सीलबंद निविदेने खरेदी असेल तर हे चालतं का?

तिथे असं परस्पर करू नका. निविदा उघडल्यावर कोणाशी आणि कशावर बोलता येतं हे संस्थेच्या खरेदी नियमांत लिहिलेलं असतं, तेच पाळायचं.

ऑर्डर दिल्यानंतर कमी रेट कळला तर?

दिलेली ऑर्डर दिलेली. कागद घेतला गेला, कटिंग सुरू झालं असेल. त्यावर रेट मागणं योग्य नाही. पुढच्या ऑर्डरच्या वेळी तो आकडा वापरा, पण तेव्हा पुन्हा ताजं कोटेशन घ्या. दोन महिन्यांपूर्वीचा रेट कागदाचे भाव हलल्यावर काहीच सिद्ध करत नाही.

ज्याचा रेट वापरला पण ऑर्डर दिली नाही, त्याला काय कळवायचं?

कळवायचं, आणि ऑर्डर पक्की झाली त्याच दिवशी. "या वेळी ऑर्डर दुसरीकडे दिली. तुमचा रेट चांगला होता, पण आधी पेमेंट आणि कारखान्यातून उचल या अटींमुळे आम्हाला तो वर पडला. गोदाम पोच आणि ३० दिवसांवर रेट देता आला तर पुढच्या वेळी जरूर विचार करू." कुणाला दिली आणि कितीला दिली, हे मात्र त्यालाही सांगायचं नाही.